स्लोप फुटिंगचं काँक्रीट दरवेळी जुळत नाही? आधी कोपरे बघा

नाशकात साइटवर आणि बिलं तपासण्यात बरीच वर्षं गेली, आणि एक फोन मला दर पावसाळ्यानंतर, म्हणजे खड्डे सुरू झाले की, येतोच येतो. "सर, फुटिंगचं काँक्रीट जुळत नाहीये." कधी बिल जास्त असतं, कधी आरएमसीची, म्हणजे प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटची, गाडी उरलेला माल घेऊन परत निघते, कधी मालक म्हणतो की ठेकेदाराने फुटिंग बारीक मारली. दहातल्या आठ-नऊ वेळा चूक खड्ड्यात नसतेच, ती कागदावर असते, आणि तीसुद्धा प्रत्येक वेळी जवळपास त्याच जागी. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, स्लोप फुटिंग म्हणजे कॉलमखालचा उतरता पाया, खाली चौकोनी ठोकळा, त्याच्या वर चारही बाजूंनी उतरतं छप्पर, आणि छपराच्या डोक्यावर छोटासा सपाट चौकोन जिथून कॉलम निघतो. कडेला जाडी कमी, कॉलमपाशी जास्त, कारण ताकद तिथेच लागते. काँक्रीट वाचतं म्हणून कन्सल्टंट असं देतात, आणि ते वाचलेलं काँक्रीट मोजताना लोक परत हरवून बसतात.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी.

बिलातलं काँक्रीट गाड्यांच्या चलनापेक्षा दीडपट आहे, आणि प्रत्येक फुटिंगला साधारण तेवढाच फरक आहे. हे बहुतेक डब्याचं माप, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले पूर्ण खोली.

हिशोब चलनापेक्षा सहा-आठ टक्के जास्त येतोय, आणि एक्सेल बनवणारा छातीठोकपणे सांगतोय की मी प्रिझमॉयडल फॉर्म्युलाच लावलाय. हे सगळ्यात फसवं लक्षण, याच्यावर खाली जास्त वेळ घालवणार आहे.

हिशोब चलनापेक्षा चार-पाच टक्के कमी येतोय, शेवटच्या फुटिंगला माल पुरत नाही आणि रात्री आठला अर्ध्या घनमीटरसाठी प्लँटला फोन लावावा लागतो. मधलंच माप घेऊन मोकळं झालेलं असतं कोणीतरी.

आणि चौथं, फरक प्रत्येक फुटिंगला वेगळा, एकाला जास्त तर दुसऱ्याला कमी. हे मात्र फॉर्म्युल्याचं काम नाही. फॉर्म्युला चुकला तर एकाच साइजच्या सगळ्या फुटिंगला सारखाच चुकतो, माणसं आणि खड्डे चुकले तर वेडेवाकडे चुकतात. हा एक फरक लक्षात ठेवलात तर अर्धा तपास तिथेच होतो.

ही केस घेऊन बोलू

पाथर्डी फाट्याकडचा एक बंगल्यांचा छोटा प्रोजेक्ट. एकाच टाइपची १८ फुटिंग. माल मालकाचा, म्हणजे आरएमसी मालक मागवणार, आणि प्लिंथपर्यंतची मजुरी घनमीटरच्या दराने ठरलेली. मजुरीच्या ठेकेदाराने बिल दिलं ३४.०२ घनमीटरचं. मालकाच्या भाच्याने, तो नुकताच डिप्लोमा झालेला, एक्सेल करून काढलं २४.४३. आणि चलनं होती चार गाड्यांची, सहा, सहा, सहा आणि पाच, एकूण २३ घनमीटर.

मालकाने भाच्यावर विश्वास ठेवला, ठेवणारच. त्याने हिशोब लावला की २४.४३ लागायला हवं होतं, आलं २३, म्हणजे १.४३ कमी. भागिले १८, भागिले फुटिंगचं क्षेत्रफळ, तर प्रत्येक फुटिंग २१ मिलिमीटर पातळ! ठेकेदार चोर ठरला. दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलवून भरलेली माती परत काढायची तयारी, आणि मला फोन.

ड्रॉइंगमधली मापं अशी. खालचा चौकोन २.१० बाय १.८० मीटर. कडेची जाडी ०.२०. एकूण खोली ०.५०. कॉलम ४५० बाय २३० मिलिमीटर. आता एकेक तपासत जाऊ, फुकटातल्या गोष्टी आधी, जेसीबी शेवटी.

ड्रॉइंग परत उघडा, दोन खोल्या वेगळ्या करा

काही खर्च नाही, दोन मिनिटं. फुटिंगच्या शेड्यूलमध्ये दोन आकडे असतात, एक एकूण खोली आणि एक कडेची जाडी. काही ऑफिसं मोठा डी आणि छोटा डी लिहितात, आणि घाईत दोन्ही सारखेच दिसतात. उताराची उंची म्हणजे या दोघांची वजाबाकी, आपल्या केसमध्ये ०.५० वजा ०.२०, म्हणजे ०.३०. बरेच जण खालचा ठोकळा ०.२० चा वेगळा काढतात, आणि वरच्या उतारालाही उंची ०.५० च धरतात. मग ०.२० दोनदा मोजलं जातं आणि उत्तर येतं १.५८, खरं उत्तर आहे १.२५. तुमचं उत्तर डब्याच्या आणि खऱ्याच्या अधेमधे कुठेतरी लटकत असेल तर आधी हेच बघा.

सेक्शनचं चित्रही बघा. पायऱ्या असलेलं फुटिंग असेल तर हे सगळं सोडून द्या, तिथे प्रत्येक पायरीचा साधा डबा बरोबरच आहे. मी एकदा आडगावच्या एका साइटचं अर्धा तास डोकं खाल्लं आणि मग कळलं की तिथे पायऱ्या होत्या.

डोक्याचं माप कॉलमचं नसतं

हेही फुकट. उताराचं डोकं म्हणजे कॉलमची साइज नाही. कॉलमची सेंटरिंग बसवायला चारी बाजूंनी सपाट जागा सोडतात, ५० किंवा ७५ मिलिमीटर, ड्रॉइंगच्या सेक्शनमध्ये लिहिलेली असते. इथे ७५ होती. म्हणून डोकं ४५० अधिक दीडशे, २३० अधिक दीडशे, म्हणजे ०.६० बाय ०.३८ मीटर.

कोणी म्हणेल एवढ्याशाने काय होतं. कॉलमचीच साइज घेतली तर एका फुटिंगला ०.०४ घनमीटर कमी येतं, १८ ला पाऊण घनमीटर. रात्री आठचा तो फोन बहुतेक वेळा या पाऊण घनमीटरचा असतो.

आता कोपरे. खरी गोम इथे आहे

कॅल्क्युलेटर आणि कागद लागेल. खालचा ठोकळा भांडणाचा नाहीच, २.१० गुणिले १.८० म्हणजे ३.७८ चौरस मीटर, गुणिले ०.२०, झालं ०.७५६. प्रश्न फक्त वरच्या ०.३० उंचीच्या उताराचा.

फॉर्म्युला नंतर, आधी सुरी घेऊन तो उतार कापा. मनातल्या मनात. डोक्याच्या चौकोनाच्या चारही कडांवरून सरळ खाली सुरी मारली की नऊ तुकडे पडतात. मधला एक उभा ठोकळा, डोक्याच्याच साइजचा. त्याच्या चार बाजूंना चार पाचरी, एका बाजूला पूर्ण उंच आणि दुसऱ्या बाजूला शून्य. आणि चार कोपऱ्यांत चार छोटे पिरॅमिड, जे दोन्ही दिशांनी उतरतात.

मधला ठोकळा पूर्ण भरलेला. पाचर ही तिच्या डब्याच्या बरोब्बर अर्धी. आणि कोपऱ्यातला पिरॅमिड त्याच्या डब्याच्या एक तृतीयांश. हे पक्कं, शाळेतलं.

आपल्या फुटिंगमध्ये उतार लांबीच्या दिशेने प्रत्येक बाजूला ०.७५ पसरतो आणि रुंदीच्या दिशेने ०.७१. मधला ठोकळा ०.०६८४. चार पाचरी मिळून ०.२१३३. चार कोपरे, ४ गुणिले ०.७५ गुणिले ०.७१ गुणिले ०.३० भागिले ३, म्हणजे ०.२१३०. बेरीज ०.४९४७. खालचा ठोकळा मिळवा, एका फुटिंगचं काँक्रीट १.२५०७ घनमीटर. १८ चं २२.५१.

आता लोक जे शॉर्टकट मारतात ते या नऊ तुकड्यांवर ठेवून बघा. वरचं आणि खालचं क्षेत्रफळ घेऊन सरासरी काढली आणि उंचीने गुणलं, तर मधला ठोकळा बरोबर येतो, पाचरीही बरोबर येतात, पण कोपरे तृतीयांशाऐवजी अर्धे धरले जातात. उताराचं उत्तर येतं ०.६०१२, म्हणजे ०.१०६५ जास्त, आणि तो सगळा जास्तीचा माल चार कोपऱ्यांतला. उलट, फक्त मध्यावरचा छेद घेऊन उंचीने गुणलं तर कोपरे चतुर्थांश धरले जातात आणि ०.०५३३ कमी येतं. बाकी पाच तुकडे दोन्ही पद्धतींत तंतोतंत बरोबर असतात, हे मला कळलं तेव्हा मी स्वतः दोनदा परत मोजलं होतं.

आणि गंमत बघा, एक पद्धत जेवढी जास्त सांगते त्याच्या निम्मी दुसरी कमी सांगते. म्हणून मधल्याचे दोन भाग आणि सरासरीचा एक भाग असं मिसळलं की चूक नाहीशी होते. प्रिझमॉयडल फॉर्म्युला म्हणजे नेमकं हे मिश्रण, दुसरं काही नाही. खालचं क्षेत्रफळ, अधिक मधल्याच्या चौपट, अधिक वरचं, सगळ्याला उंचीने गुणून सहाने भागायचं. फुटिंगला हे अंदाजे उत्तर नाही, अचूक आहे, कारण वर जाताना लांबी आणि रुंदी दोन्ही सरळ रेषेत कमी होतात.

आकडे घालून बघा. खालचं ३.७८. वरचं ०.६० गुणिले ०.३८, म्हणजे ०.२२८. मध्यावर लांबी १.३५ आणि रुंदी १.०९, क्षेत्रफळ १.४७१५, त्याची चौपट ५.८८६. बेरीज ९.८९४, गुणिले ०.३०, भागिले ६. परत ०.४९४७. नऊ तुकड्यांशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं.

मग भाच्याचं कुठे चुकलं

त्याने फॉर्म्युला हाच लावला होता. सहाने भागलं होतं, चारने गुणलं होतं, सगळं. पण मधलं क्षेत्रफळ काढताना त्याने वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी घेतली, २.००४. मध्यावरच्या लांबी-रुंदीचा गुणाकार १.४७१५ आहे, सरासरी २.००४, केवढा फरक. आणि वाईट भाग असा की क्षेत्रफळाची सरासरी मधे टाकली की अख्खा प्रिझमॉयडल फॉर्म्युला चुपचाप आकसून परत साध्या सरासरीचाच होतो. करून बघा, एक अधिक एक अधिक चारपट अर्धं, सगळं तिप्पट होतं, सहाने भागलं की उरतं निम्मं. नाव प्रिझमॉयडल, उत्तर सरासरीचं. १.३५७२ एका फुटिंगचं, १८ चं २४.४३. तेच ते.

हीच ती चूक, जी मी सर्वाधिक वेळा दुरुस्त केली आहे. मापांची सरासरी घ्यायची, क्षेत्रफळांची नाही. मुलगा हुशार होता, त्याला सांगितल्यावर पाच मिनिटांत पटलं, पण तेवढ्यात त्याच्या आकड्यावर एक माणूस चोर ठरून गेला होता.

एक्सेलमध्ये ही चूक होऊच नये म्हणून मी मधल्या क्षेत्रफळाचा रकानाच ठेवत नाही. मध्यावरची लांबी म्हणजे दोन लांब्यांची बेरीज भागिले दोन, रुंदीचंही तसंच, म्हणून दोघांच्या गुणाकारात भागिले चार येतं आणि फॉर्म्युल्यातलं गुणिले चार त्याला खाऊन टाकतं. उरतं फक्त दोन बेरजांचा गुणाकार:

```
=B2*C2*D2+(E2-D2)/6*(B2*C2+(B2+F2)*(C2+G2)+F2*G2)
```

बी आणि सी खालची लांबी-रुंदी, डी कडेची जाडी, ई एकूण खोली, एफ आणि जी डोक्याची लांबी-रुंदी. सगळं मीटरमध्ये. उताराची उंची शीट स्वतःच वजा करून घेतं, म्हणजे वरची पहिली चूकही बंद. लांबी आणि रुंदी दोन्हीकडे एकाच दिशेने भरा एवढीच काळजी, कॉलम आडवा असेल तर एफ आणि जी अदलाबदल होतात आणि उत्तर थोडं बदलतं.

शीट बरोबर आहे का हे तपासायला दोन चाचण्या. डोक्याचं माप खालच्याएवढंच टाका, डब्याचं उत्तर, १.८९, आलं पाहिजे. मग डोकं शून्य बाय शून्य टाका, उताराचा भाग त्याच्या डब्याच्या एक तृतीयांश, ०.३७८, आणि एकूण १.१३४ यायला हवं. शून्य टाकल्यावर उताराचा भाग निम्मा आला तर शीटमध्ये सरासरी लपलेली आहे.

वर्गमूळवाला फॉर्म्युला

काही जण दोन क्षेत्रफळांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेणारा, भागिले तीनवाला फॉर्म्युला वापरतात. तो चुकीचा नाही, पण तो तेव्हाच अचूक जेव्हा वरचा चौकोन खालच्याचाच छोटा भाऊ असतो, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच. आपल्या केसमध्ये तो ०.४९३६ देतो, नगण्य फरक, त्यामुळे लोकांना वाटतं हा कायम चालतो. पण फुटिंग २.४० बाय १.२० आणि डोकं आडवं, ०.३० बाय ०.६० असेल, तर एक मीटर उंचीला प्रिझमॉयडल १.३२ देतो आणि वर्गमूळवाला १.२६. म्हणजे साडेचार टक्के कमी. मी तो वापरतच नाही, कशाला लक्षात ठेवायचं कुठे चालतो आणि कुठे नाही.

कॉलम मधोमध नसेल, प्लॉटच्या हद्दीवर एका बाजूला सरकवलेला असेल, तरी प्रिझमॉयडल तसाच चालतो. बाजू सरळ आणि वरचा चौकोन खालच्याला समांतर, एवढं पुरे. हा प्रश्न मला जुन्या नाशकातल्या अरुंद प्लॉटवाले हमखास विचारतात.

कागद जुळला, आता चलन आणि गोण्या

थोडे कष्ट, पण अजून खर्च नाही. आरएमसी असेल तर चलनं गोळा करा, आणि त्या दिवशी त्याच गाडीतून दुसरीकडे काही टाकलं का ते विचारा. चार गाड्यांतली शेवटची गाडी लोक सर्रास टाकीच्या तळाला नाहीतर कंपाउंडच्या पायाला वळवतात आणि विसरतात.

साइटवर मिक्सर लावून एम२० केलं असेल तर गोण्या मोजा. एक दीड तीन प्रमाणाला घनमीटरला साधारण ८ गोण्या. आपल्या फुटिंगला १० लागतील, डब्याने धरलं तर १५. एका फुटिंगला किती गोण्या फुटल्या हे मुकादमाला तोंडपाठ असतं, त्याला विचारा, इंजिनियरच्या एक्सेलपेक्षा ते खरं निघतं. सळया वजा करायच्या का असं कोणीतरी विचारतंच, तर नाही, मोजमापाच्या आयएस १२०० मध्येही सळईच्या जागेची वजावट नाही, आणि तशीही एका फुटिंगच्या जाळीने अडवलेली जागा काही लिटरांचीच असते.

आमच्या केसमध्ये हिशोब २२.५१ आणि चलन २३. फरक ०.४९, जेमतेम दोन टक्के. सांडलवंड, गाडीच्या ड्रमला चिकटलेलं, खाली थोडं जास्त गेलेलं, यात एवढं जातंच. म्हणजे पातळ नव्हे, किंचित जाडच. जेसीबी परत पाठवला.

टेप आणि दोरी

फरक दोन-तीन टक्क्यांच्या पुढे असेल, किंवा प्रत्येक फुटिंगला वेगळा असेल, तेव्हाच खड्ड्यात उतरा. माती भरायच्या आधी हे केलं तर टेप आणि दोरीत भागतं, नंतर केलं तर मजुरी लागते.

पहिलं पीसीसीची, म्हणजे फुटिंगखालच्या साध्या काँक्रीटच्या थराची, पातळी. नाशकात वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ, आणि ब्रेकरने फोडलेल्या कातळाचा तळ कधी सपाट नसतो. पीसीसीने तो सपाट करायचा असतो, पण पीसीसीत हात आखडला की खळगे फुटिंगचं महाग काँक्रीट पितात. अख्ख्या तळाला सरासरी ३ सेंटिमीटर जास्त गेलं तरी ०.११ घनमीटर होतं, म्हणजे कोपऱ्यांच्या चुकीएवढंच. म्हणून फक्त एका फुटिंगच्या आकड्यावरून कधी निष्कर्ष काढू नका, दोन्ही चुका सारख्याच दिसतात.

दुसरं कडेची सेंटरिंग. कडेला फळी न लावता थेट मुरुमाला चिकटवून ओतलं असेल तर लांबी-रुंदी ड्रॉइंगपेक्षा मोठीच निघते. चारही बाजू मोजा, शिवाय दोन्ही कर्ण, गुनियात नसेल तर तिथे कळेल.

तिसरं उताराचं पोट. डोक्याच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा. काँक्रीट दोरीला लागलं पाहिजे. आरएमसीचा माल पातळ आला तर उतारावर थांबत नाही, खाली घसरतो, कडेला जाडी वाढते आणि वर खड्डा पडतो. माल घट्ट आणि गवंडी आळशी असेल तर मधे पोट सुटतं. दोन्हीत बेरीज कदाचित जुळेलही, पण आकार ड्रॉइंगचा राहिला नाही. कोपऱ्याच्या कर्णरेषेवरही दोरी धरा, गवंडी बाजू नीट घासतात आणि कोपऱ्याच्या धारेवर माल तसाच ठेवतात.

इथे थांबा

इथपर्यंत सगळं मोजमापाचं होतं, चुकलं तर पैशात चुकतं. यापुढचं तसं नाही.

कडेची जाडी ड्रॉइंगपेक्षा खरंच कमी भरली, किंवा कॉलमपाशी एकूण खोली कमी निघाली, तर हिशोब बंद करा आणि आरसीसी कन्सल्टंटला बोलवा. आयएस ४५६ जमिनीवरच्या फुटिंगच्या कडेला किमान १५० मिलिमीटर मागतं, पण तुमच्या ड्रॉइंगमध्ये २०० असेल तर १६० भरल्यावर "किमानापेक्षा जास्त आहे ना" म्हणून सोडून देऊ नका, तो निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. वरून मसाला मारून जाडी वाढवणं तर अजिबात नको, तो थर नुसता बसून राहतो, फुटिंगबरोबर काम करत नाही. सळई दिसतेय, उतारावर तडे गेलेत, खोदताना फुटिंगच्या तळाखालचा मुरूम निघायला लागला, या तिन्हींतही तेच, हात काढा आणि फोन करा. भरलेली फुटिंग तपासायला परत उघडायची असतील तरी आधी विचारा, शेजारी कॉलम चढलेले असताना जेसीबीने ओरबाडणं धोक्याचं आहे.

डोकं खालच्या चौकोनाला तिरकं फिरवलेलं असेल, किंवा दोन कॉलमचं एकत्र फुटिंग असून मधे बीम असेल, तर वरचं एक्सेल वापरू नका. तिथे मधला छेद मापांच्या सरासरीने मिळत नाही. कन्सल्टंटकडून क्वांटिटी लिहून घ्या.

आणि बिलाचा वाद लाखांत असेल, किंवा करारात मोजायची पद्धत वेगळी लिहिलेली असेल, तर करारच चालतो, भूमिती नाही. तिथे क्वांटिटी सर्व्हेयरला बसवा.

ठेकेदाराचं काय झालं

पातळ फुटिंगचा आरोप गेला, पण त्याचं ३४.०२ चं बिलही टिकणार नव्हतं. डब्याने मोजलं तर एका फुटिंगला ०.६४ घनमीटर असं काँक्रीट धरलं जातं जे कधी आलंच नाही, १८ ला साडेअकरा. चार गाड्यांच्या ऐवजी सहा लागल्या असत्या. त्याला चलनं दाखवली तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मला माहितीये एवढं काँक्रीट नाही. पण सपाट फुटिंग ओतून मी तासाभरात मोकळा होतो, उतार घासायला दोन गवंडी दिवसभर वाकलेले असतात, ते कुठे लिहू?"

त्याचं म्हणणं मला पटलं, फक्त जागा चुकली होती. काँक्रीट २२.५१ च धरलं, आणि उतार घासायची मजुरी चौरस मीटरने वेगळी ओळ म्हणून लावली. मालकाने थोडी घासाघीस केली, मग सही केली. एक शेवटचं फुटिंग अजून उघडं होतं, भाचा स्वतः टेप घेऊन उतरला. कडेला २०५, कॉलमपाशी ५०५.